बॅटरी संपल्यामुळे अर्धवट राहिलेली व्हिडिओ फाइल पुन्हा चालती कशी करायची

प्रश्न: "रेकॉर्डिंग चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली. कार्डावर ६.२ जीबीची mp4 फाइल दिसते, पण ती व्हीएलसीमध्येही उघडत नाही आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. सेटिंग १०८० पी, २५ फ्रेम, ५० एमबीपीएस, आवाज पीसीएम. साधारण सोळा मिनिटं शूट झालं होतं. संगणकाला कार्ड लावल्यावर विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारतंय, मी अजून कशालाच हो म्हटलेलं नाही. फाइल वाचेल का?"

उत्तर:

हो म्हटलं नाहीत हे फार चांगलं केलंत. तो प्रश्न बंद करा आणि ते कार्ड आता कॅमेऱ्यात घालून नवीन काही शूट करू नका. एसडी कार्डाच्या कडेला छोटं लॉक असतं, ते खाली सरकवून ठेवा.

आता एक साधा हिशेब करू, कारण पुढे मेहनत घ्यायची की नाही हे त्यावरून ठरतं. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ कोटी बिट, म्हणजेच सव्वासहा एमबी. स्टिरिओ पीसीएम आवाज सेकंदाला जेमतेम ०.२ एमबी घेतो. दोन्ही मिळून मिनिटाला सुमारे ३८५ एमबी होतात आणि ६.२ जीबीला ३८५ एमबीने भागलं की उत्तर सोळा मिनिटांच्या आसपास येतं. तुमच्या आठवणीतली वेळ आणि फाइलचा आकार जुळतायत. कॅमेऱ्याने चित्रासाठी कार्डावर जागा घेतली होती आणि बहुधा ती भरलीही होती. बहुधा म्हणतो, कारण जागा घेणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पुढे तपासून घेऊ.

मग फाइल उघडत का नाही? एमपी४ आणि एमओव्ही फाइल छोट्या-मोठ्या कप्प्यांची बनलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला चार अक्षरी नाव असतं. सुरुवातीला `ftyp` नावाचा इवलासा कप्पा असतो. त्यानंतरच्या `mdat` या प्रचंड कप्प्यात चित्र आणि आवाज एकामागोमाग ओतलेले असतात. तिसरा कप्पा `moov`. तुमच्या फाइलमध्ये सुमारे चोवीस हजार फ्रेम असतील. त्यातली प्रत्येक फ्रेम फाइलमध्ये कुठे सुरू होते, किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची, चित्राचा कोडेक कोणत्या सेटिंगने वाचायचा, आवाजाचे तुकडे कुठेकुठे आहेत, ही सगळी नोंद `moov`मध्ये असते. शूट चालू असताना या नोंदी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत साठत जातात आणि तुम्ही स्टॉपचं बटण दाबल्यावर फाइलच्या शेवटी लिहिल्या जातात. वीज त्याआधीच गेली तर चित्र कार्डावर राहतं, पण ते वाचायची यादी मेमरीबरोबर पुसली जाते. व्हीएलसीला सहा जीबी बाइट दिसतात, पण पहिली फ्रेम कुठे संपते हे त्याला सांगणारं कुणी उरत नाही.

दुरुस्ती म्हणजे ही यादी नव्याने तयार करणं. पण त्याआधी कार्डाची पूर्ण प्रत काढायची. फक्त ती फाइल कॉपी केली तर पुरणार नाही, अख्ख्या कार्डाची इमेज हवी, कारण हवा असलेला डेटा फाइलच्या नोंदीबाहेरही असू शकतो. लिनक्सवर मी यासाठी `ddrescue` वापरतो:

```
lsblk
sudo ddrescue -d -r3 /dev/sdX card.img card.map
```

`lsblk`मध्ये आकार बघून कार्ड कोणतं ते नक्की करा आणि `sdX`च्या जागी तेच नाव लिहा. आधी स्रोत, मग इमेज, हा क्रम उलटू नका आणि एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. विंडोजवर Win32 Disk Imager मधलं `Read` बटण हेच काम करतं. कार्ड ६४ जीबीचं असेल तर इमेजही ६४ जीबीची होईल, तेवढी जागा मोकळी ठेवा. `ddrescue` वाचनाच्या चुका दाखवू लागला, वेग कोसळला किंवा कार्ड मधूनच दिसेनासं झालं, तर कार्डच निकामी होतंय असं समजा आणि तिथेच थांबा. अशा वेळी पुन्हापुन्हा प्रयत्न केल्याने उरलेलंही जातं. ते डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं काम आहे.

इमेज हातात आली की पहिला प्रयत्न कॅमेऱ्यालाच करू द्या. बरेच कॅमेरे अर्धवट फाइल असलेलं कार्ड पुन्हा घातल्यावर ती दुरुस्त करू का असं विचारतात. स्वतःच्या फाइलची रचना कॅमेऱ्याला पूर्ण माहीत असते, त्यामुळे त्याची दुरुस्ती जमली तर बाहेरच्या कोणत्याही साधनापेक्षा सरस निघते. यासाठी बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि कार्डाचं लॉक काढावं लागेल. दुरुस्ती करताना कॅमेरा कार्डावर लिहितो, म्हणूनच इमेज आधी काढायची. कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही किंवा प्रयत्न फसला, तर इमेजमधून ती mp4 फाइल संगणकावर कॉपी करा आणि यापुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. ही प्रत मी इथे `broken.mp4` म्हणतो. आधी `ffprobe` या फाइल तपासणाऱ्या साधनाने ती बघा:

```
ffprobe broken.mp4
```

यावर `moov atom not found` असा संदेश आला तर आपलं निदान बरोबर आहे. पण यादी नाही म्हणजे ती लिहिलीच गेली नाही, की लिहिली गेली आणि मग हरवली? या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि बहुतेक लोक इथे न थांबता थेट दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवतात. फाइलचे पहिले अठ्ठेचाळीस बाइट पाहिले तरी उत्तर मिळतं:

```
xxd -l 48 broken.mp4
```

तुमच्यासारख्या फाइलमध्ये साधारण असं दिसेल (`ftyp`ची लांबी कॅमेऱ्यागणिक बदलते):

```
00000000: 0000 001c 6674 7970 6d70 3432 0000 0000  ....ftypmp42....
00000010: 6d70 3432 6973 6f6d 6176 6331 0000 0001  mp42isomavc1....
00000020: 6d64 6174 0000 0000 0000 0000 0000 0002  mdat............
```

प्रत्येक कप्प्याच्या नावाआधीचे चार बाइट म्हणजे त्याचा आकार. `ftyp`च्या आधी `1c` आहे, म्हणजे २८ बाइट. `mdat`च्या आधी `0000 0001` आहे. याचा अर्थ आकार चार बाइटमध्ये मावणारा नाही आणि तो नावानंतरच्या आठ बाइटमध्ये लिहिला आहे. इथे ते आठही बाइट शून्य आहेत. म्हणजे कॅमेऱ्याने आकारासाठी जागा सोडली आणि शेवटी येऊन ती भरायची वेळच आली नाही. रेकॉर्डिंग बंद झालेलं नाही आणि `moov` कधीच लिहिला गेला नाही.

समजा, त्या आठ बाइटमध्ये खरा आकडा असता आणि तो फाइलच्या आकारापेक्षा मोठा निघाला असता, तर कथा वेगळी. बहुतेक कॅमेरे हा आकडा रेकॉर्डिंग व्यवस्थित संपल्यावरच भरतात. अशी फाइल कॅमेऱ्याने पूर्ण लिहिली होती आणि नंतर तुटली: कॉपी करताना केबल सुटली, किंवा कार्डावरची फाइलींची नोंद बिघडली. तिथे दुरुस्तीचं साधन वापरूच नये. आधी कार्डावरून फाइल पुन्हा कॉपी करावी, ते जमलं नाही तर इमेजमध्ये अस्सल `moov` शोधावा, कारण तो बहुधा कुठेतरी शाबूत असतो. अस्सल यादीची सर अंदाजाने बांधलेल्या यादीला येत नाही.

`moov` शोधण्याची आज्ञा सोपी आहे:

```
LC_ALL=C grep -abo moov card.img
```

पण इथे एक फसगत होते. दाबून साठवलेलं चित्र बाइटच्या पातळीवर जवळजवळ यादृच्छिक असतं. चार बाइटच्या सुमारे ४३० कोटी जुळण्या होऊ शकतात, आणि तुमच्या फाइलमध्येच ६२० कोटी बाइट आहेत. म्हणजे `moov` ही अक्षरं केवळ योगायोगाने एक-दोनदा सापडली तर त्यात नवल नाही. खरा `moov` ओळखायचा तर त्याच्या लगेच पुढे पाहा: चार बाइट आकाराचे आणि मग `mvhd` हे नाव असायला हवं. ते नसेल तर तो योगायोग समजून सोडून द्या. आणि हे लक्षात ठेवा की कार्डावरच्या इतर चांगल्या फाइलींचे खरे `moov`ही या शोधात सापडतील.

आता जागा खरोखर भरली होती का ते पाहू. फाइलच्या मधल्या दोन-तीन ठिकाणी डोकवा:

```
xxd -s 3000000000 -l 64 broken.mp4
```

वेगवेगळ्या आकड्यांची खिचडी दिसली तर चित्र आहे. ओळीच्या ओळी नुसत्या `0000` किंवा `ffff` दिसल्या तर त्या भागात काहीच लिहिलेलं नाही, आणि जगातलं कोणतंही साधन तिथून फ्रेम काढू शकणार नाही. खोटी क्षमता छापलेल्या बनावट कार्डांमध्ये हे हमखास दिसतं: फाइल पूर्ण आकाराची, पण ठरावीक जागेपुढे सगळं रिकामं.

हे सगळं ठीक असेल तर नवी यादी बांधायची. त्यासाठी `untrunc` नावाचा मोफत प्रोग्राम आहे. मूळ प्रकल्प आता जुना झाला. Anthwlock याने पुढे चालवलेली आवृत्ती घ्या, ती मोठ्या फाइलींवर बरीच वेगवान आहे आणि विंडोजसाठी तयारही मिळते. त्याला तुटक्या फाइलबरोबर त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइलही द्यावी लागते. चांगल्या फाइलच्या `moov`मधून तो कोडेकची सेटिंग आणि ट्रॅकची मांडणी घेतो. मग तुटक्या `mdat`च्या सुरुवातीपासून चालत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर ठरवतो की हा तुकडा चित्राचा की आवाजाचा, आणि कुठे संपतो. एच.२६४ मध्ये चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते. वरच्या नमुन्यातले शेवटचे `0000 0002` हे तेच, पुढचा तुकडा दोन बाइटचा. त्यामुळे चित्राची पावलं नेमकी पडतात.

सगळी मदार या चांगल्या फाइलवर आहे. ती त्याच कॅमेऱ्यावर, त्याच फर्मवेअरवर काढलेली हवी, आणि रिझोल्यूशन, फ्रेमरेट, बिटरेट, कोडेक, आवाजाचा प्रकार यांतलं सगळं तंतोतंत जुळायला हवं. कॅमेरा तोच आहे, पण सेटिंग ५० फ्रेमचं आहे, असं चालत नाही. त्या दिवशीची एखादी आधीची क्लिप त्याच सेटिंगची असेल तर तीच सर्वांत उत्तम. नसेल तर दुसऱ्या कार्डावर एक-दोन मिनिटं नवीन शूट करा. पाच सेकंदांची क्लिप पुरत नाही, कारण आवाजाचे तुकडे किती अंतराने येतात हे प्रोग्राम या फाइलवरूनच शिकतो. कॅमेरा हलवा, थोडं बोला, म्हणजे नमुन्यात विविधता येईल.

```
untrunc good.mp4 broken.mp4
```

चालायला काही मिनिटं लागतील. नवी फाइल वेगळी तयार होते, तिच्या नावात `_fixed` असतं, पुढच्या आज्ञांमध्ये मी तिला `broken_fixed.mp4` म्हणतो, तुम्ही तिथे तिचं खरं नाव लिहा, आणि मूळ फाइलला हात लागत नाही. आता पहिली पाच सेकंदं चालली म्हणून समाधान मानू नका. आधी एकूण लांबी बघा. सोळा मिनिटांच्या जागी सव्वातीन मिनिटंच आली, तर प्रोग्रामला तिथे न ओळखता येणारा तुकडा लागला आणि तो थांबला. अनेक कॅमेरे चित्र आणि आवाजाखेरीज एका तिसऱ्या ट्रॅकमध्ये लेन्स, एक्स्पोजर वगैरे माहिती लिहितात, आणि अडखळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. अशा वेळी अनोळखी तुकडे ओलांडून पुढे जायला सांगायचं:

```
untrunc -s good.mp4 broken.mp4
```

लांबी बरोबर आली की चित्राकडे बघा. चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवं-राखाडी किंवा चौकटी विखुरल्यासारखं दिसलं, तर चांगली फाइल जुळत नाही. कोडेकची सेटिंग चुकीची उचलली गेली. सगळं स्वच्छ आहे, पण माणसं घाईत चालल्यासारखी किंवा संथ वाटतात, तर फ्रेमरेट वेगळा आहे. दोन्ही वेळा दोष तुटक्या फाइलचा नसतो, नवी जुळणारी फाइल काढून पुन्हा चालवायचं. चित्र फक्त मध्येच एका ठिकाणी अर्धा सेकंद फाटलं आणि पुढच्या पूर्ण फ्रेमपाशी सावरलं, तर मात्र तेवढा डेटाच खराब आहे, ते स्वीकारावं लागेल.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी आवाजाची वाटते. एएसी आवाजाच्या तुकड्यांना स्वतःची अशी घडण असते, ती तपासून तुकडा ओळखता येतो. पीसीएम म्हणजे नुसते आकडे, सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकाचे स्टिरिओमध्ये चार बाइट, आणि त्यांना ना सुरुवात ना शेवट. आवाजाचा तुकडा कुठे संपून पुढचं चित्र सुरू होतं हे त्या आकड्यांकडे पाहून कळत नाही. सुटका एवढीच की कॅमेरा आवाज सहसा ठरावीक मापाने ओततो, उदाहरणार्थ दर अर्ध्या सेकंदाला ९६,००० बाइट. तुमचा कॅमेरा काय करतो ते चांगल्या फाइलमध्ये बघता येतं:

```
ffprobe -v error -select_streams a -show_entries packet=pos,size good.mp4
```

`pos` म्हणजे फाइलमधली जागा. ती काही ओळी सलग वाढत जाते आणि मग एकदम मोठी उडी मारते; दोन उड्यांमधल्या `size`ची बेरीज म्हणजे आवाजाच्या एका तुकड्याचं माप. हे माप दर वेळी तेच येत असेल तर आवाज नीट परत येण्याची शक्यता चांगली. माप चुकलं की काय होतं ते कानांना लगेच कळतं: चित्राचे बाइट आवाज म्हणून वाजतात आणि दर थोड्या वेळाने कर्कश खरखर येते. किंवा आवाज स्वच्छ येतो, पण सुरुवातीला ओठांशी जुळणारा आवाज दहाव्या मिनिटाला मागे-पुढे झालेला असतो. म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन जागी बोलणारा चेहरा शोधून जुळणी तपासा.

आवाज सावरलाच नाही, तर चित्र तरी वेगळं काढून ठेवा. दुसऱ्या रेकॉर्डरवर किंवा एखाद्या फोनवर त्याच वेळेचा आवाज असेल तर तो एडिटिंगमध्ये बसवता येतो:

```
ffmpeg -i broken_fixed.mp4 -map 0:v -c copy picture_only.mp4
```

फाइल शून्य बाइटची दिसत असती तर रस्ता थोडा वेगळा झाला असता, आणि तेही इथेच सांगतो, कारण वीज गेल्यावर हाही प्रकार वारंवार दिसतो. तेव्हा चित्र कार्डावर असतं, पण फाइलींच्या नोंदवहीत त्याचा आकार लिहायचा राहिलेला असतो. अशा वेळी कार्डाच्या इमेजवर PhotoRec चालवून कच्चा डेटा बाहेर काढावा लागतो आणि मग त्याच्यावर वरचीच प्रक्रिया. यात मर्यादा अशी की PhotoRec फाइल सलग लिहिलेली आहे असं धरून चालतो. जे कॅमेरे मुख्य फाइलबरोबर एक लहान प्रत त्याच वेळी लिहितात, त्यांच्या कार्डावर दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि सलग उचललेला डेटा मध्येच दुसऱ्याच फाइलमध्ये शिरतो. तुकड्यांची योग्य क्रमाने जुळणी करणं हे वेगळं आणि बरंच किचकट काम आहे. काही कॅमेरे अर्धवट फाइलला `.RSV`, `.MDT` किंवा `.DAT` असं नाव देऊन ठेवतात. कार्डावर तसं काही मोठ्या आकाराचं दिसलं तर ते फालतू समजून पुसू नका, चित्र त्यातच असतं.

तुमची फाइल नीट दिसू लागली की एडिटिंगला घेण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत डीकोड करून पाहा:

```
ffmpeg -v error -i broken_fixed.mp4 -f null -
```

काहीच छापलं गेलं नाही तर सगळ्या फ्रेम वाचता येतात. अगदी शेवटी एक-दोन चुका आल्या तर त्या वीज जाताना अर्धवट लिहिलेल्या फ्रेमच्या असतात, शेवटचा सेकंदभर भाग कापून टाका. चुका मध्येमध्ये विखुरलेल्या असतील तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन त्या जागी अडकू शकते, म्हणून आधी फाइल नव्याने एन्कोड करून घ्या. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर चालेल. आणि काम पूर्ण होईपर्यंत `card.img` पुसू नका, कारण आवाज बिघडला तर `untrunc`ची पुढची आवृत्ती किंवा अधिक जुळणारी चांगली फाइल घेऊन तुम्हाला त्याच इमेजवरून पुन्हा सुरुवात करावी लागेल.